उंच चिमणी पडता पडता हवेतच का मोडते?

रानजाई

जुन्या विटांच्या चिमण्या पाडतानाचे व्हिडिओ बघायचा नाद लागलाय. पायथ्याशी एका बाजूला खाच पाडतात, सुरुंग उडतो, चिमणी आधी अगदी संथ झुकते आणि मग वेग घेते. इथवर समजतं. पण जमिनीला टेकायच्या कितीतरी आधी ती मध्येच दुमडते. आदळून मोडली असती तर प्रश्नच नव्हता, पण तेव्हा ती कशालाच लागलेली नसते.

व्हिडिओ थांबवून एकेक फ्रेम पाहिली. खालचा भाग जास्त झुकलेला असतो आणि वरचा मागे राहिलेला, जवळजवळ उभाच. भेग उघडते ती पडण्याच्या बाजूला, म्हणजे जी बाजू जमिनीकडे वळत असते तिथे. मला वाटलं होतं पाठीकडून फाटेल, कारण वरचं टोक सगळ्यात जोरात पडत असणार आणि ते पुढे ओढलं जाणार. दिसतं नेमकं उलट. ही मोडतोड नक्की कोण करतं?

दणकट

सोपं आहे. टोकाला सगळ्यात जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून त्याचा वेग सगळ्यात जास्त. जास्त वेग म्हणजे हवेचा अडथळाही जास्त. हवा टोकाला मागे रेटते, चिमणी वाकते आणि तुटते.

धुरकट

पायथा झिजलेला असतो हो. आतून आम्लाचा धूर वर्षानुवर्षं लागून सांध्यांमधला चुना भुसभुशीत होतो. त्यात वादळ आलं की चिमणी गेलीच. वीज पडूनही जातात. देखभाल नाही, दुसरं काय.

रानजाई

धुरकट, ती पडते का हा प्रश्नच नाही. ती मुद्दाम पाडलेली आहे. पडताना अखंड का राहत नाही, एवढंच विचारतेय.

दणकट, हवेचं पटत नाही. शेकडो टनांच्या चिमणीला हवा काय रोखणार? आणि मोडते तेव्हा ती नुकती कुठे झुकायला लागलेली असते, वेग फारसा आलेलाही नसतो.

लंबक

दणकट यांचं अर्धं बरोबर आहे. टोकाला सगळ्यात जास्त पळावं लागतं हे खरं. पण त्याला पळवतं कोण, हा खरा प्रश्न आहे. हवा बाजूला ठेवा. निर्वातात पाडली तरी ती अशीच मोडेल.

अखंड चिमणी बुडाभोवती फिरत खाली येते. अखंड आहे म्हणजे तिच्या प्रत्येक विटेचं कोनीय त्वरण एकच असायला हवं. सगळीकडे सारखी जाड, L लांबीची चिमणी धरा, उभ्या रेषेपासून θ इतकी झुकलेली. वजन मध्यावर धरायचं आणि बुडाभोवतीचं जडत्व mL²/3 घ्यायचं, की कोनीय त्वरण येतं:

```
α = (3/2) (g/L) sinθ
```

यात L छेदात आहे, तिकडे नीट बघा. आखूड चिमणी लवकर फिरते, लांब चिमणी सावकाश. आता ६० मीटरची चिमणी मनातल्या मनात मधोमध कापा. खालचा ३० मीटरचा तुकडा एकटा असता तर त्याचं कोनीय त्वरण अख्ख्या चिमणीच्या दुप्पट असतं. त्याला लवकर फिरायचंय. वरच्या तुकड्याचं काय? त्याला खालून कुणी धरलेलं नसतं तर तो फिरलाच नसता, आहे त्याच कलात सरळ खाली आला असता. एकाला दुप्पट फिरायचंय, दुसऱ्याला मुळीच फिरायचं नाही, आणि चुन्याचा सांधा दोघांनाही एकाच त्वरणाने फिरायला लावतोय. खालचा पुढे जाऊ बघतो, वरचा मागे राहू बघतो, म्हणून भेग पडण्याच्या बाजूला उघडते. रानजाई, तुम्ही फ्रेममध्ये पाहिलंत ते हेच.

त्रिज्या

छान. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे यात एक भर घालते.

कोनीय त्वरण सगळीकडे सारखं, पण साधं त्वरण बुडापासूनच्या अंतराच्या पटीत वाढत जातं. रांगेत एकमेकांचे हात धरून गोल फिरणाऱ्या मुलांत टोकाच्या मुलाला पळावं लागतं, तसं. r अंतरावर ते (3/2) g sinθ (r/L) इतकं येतं. त्या विटेला गुरुत्वाकर्षण त्या दिशेने स्वतःहून फक्त g sinθ देतं. दोन्ही आकडे जुळतात ते r = 2L/3 ला. म्हणजे ६० मीटरच्या चिमणीत ४० मीटर उंचीवरची वीट तेवढी गुरुत्वाच्या मर्जीने पडते. त्याच्या वरच्या विटांना गुरुत्वाने जमेल त्याहून जोरात पडावं लागतं, अगदी टोकाला दीडपट. ही जादा ओढ खालच्या बांधकामाकडून यावी लागते. ४० मीटरच्या खालच्या विटांना उलट आवरून धरलेलं असतं.

वर्गात हे एका फळीने दाखवता येतं. फळीचं एक टोक टेबलाला बिजागरीने जोडायचं. मोकळ्या टोकाशी चेंडू ठेवायचा, त्याच्या थोडं आत एक वाटी चिकटवायची. फळी उचलून धरायची आणि सोडायची. टोक चेंडूच्या आधी खाली पोचतं आणि चेंडू वाटीत पडतो. मात्र फळी जमिनीशी ३५ अंशांपेक्षा कमी कोनात हवी. त्याहून उभी धरली तर टोकाचं थेट खाली जाणारं त्वरण सुरुवातीला g पेक्षा कमीच असतं आणि चेंडू फळीवरच बसून राहतो. पहिल्यांदा करून बघणारे नेमके इथेच फसतात.

दणकट

झालं तर मग! दोन तृतीयांशाच्या वरचा भाग मागे राहणार आणि खालचा पुढे जाणार. म्हणजे चिमणी बरोब्बर दोन तृतीयांशावर मोडायला हवी. ६० मीटरची ४० मीटरवर. रानजाई, व्हिडिओत मोजून बघा.

रानजाई

मोजलं. तीन वेगवेगळ्या व्हिडिओंत अंदाजे निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली. दोन तृतीयांशावर एकही नाही.

लंबक

नसणारच. दोन तृतीयांशाला वीट मनाप्रमाणे पडते, एवढंच त्या जागेचं वैशिष्ट्य. मोडायचं कुठे हे ठरतं सांध्यावरच्या पिळावरून, बेंडिंग मोमेंटवरून. तो एका विटेवर ठरत नाही, त्या सांध्याच्या वरच्या अख्ख्या तुकड्यावर ठरतो.

हे आकडेमोडीशिवायही कळतं. बुडापासून एक तृतीयांशावर, २० मीटरला, काप घ्या. वरचा तुकडा २० ते ६० मीटर. त्याचं मध्य कुठे? ४० मीटरला. म्हणजे त्रिज्याताईंची तीच जागा, जिथे त्वरण गुरुत्वाशी जुळतं. या तुकड्याला अख्खा म्हणून पुढेही ढकलावं लागत नाही, मागेही धरावं लागत नाही. त्या कापावर आडवं सरकवणारं बल, म्हणजे शिअर, शून्य. तुकड्याला फक्त फिरवायचं असतं आणि तो सगळा पिळ या एका सांध्यातून जातो. शिअर जिथे शून्य तिथे बेंडिंग मोमेंट सर्वांत मोठा, हे बीमची गणितं केलेल्यांना माहीत असेलच. सूत्र हवं असेल तर:

```
M(x) = (1/4) m g L sinθ · x (1 − x)²      x = r/L
```

x = 1/3 ला हे सर्वांत मोठं, mgL sinθ/27. काप त्याच्या वर नेला तर फिरवायचा तुकडा लहान होतो. खाली नेला तर तुकडा मोठा होतो, पण त्याचं मध्य ४० मीटरच्या खाली येतं, त्याला आवरून धरावं लागतं, आणि ते आवरणारं शिअर स्वतःच तुकड्याला पुढच्या बाजूला फिरवायला मदत करतं. म्हणून सांध्यावरचा पिळ पुन्हा कमी. अगदी बुडाशी, खाच पाडलेली असताना, तो शून्यच.

दणकट

म्हणजे आता एक तृतीयांश. पण रानजाई म्हणतात निम्म्यावर. २० मीटर आणि ३० मीटर यांत फरक आहे राव.

पाडकाम

इतका वेळ नुसतं वाचत होतो. मी बांधकामं पाडण्याच्या धंद्यात आहे, हिशेबाची बाजू बघतो. एक तृतीयांश आणि निम्मा यांतला फरक खरा आहे. तो येतो चिमणीच्या स्वतःच्या वजनामुळे.

वीटकाम दाब खातं, ओढ खात नाही. भेग पडायला आधी त्या सांध्यावरचा वजनाचा दाब संपवावा लागतो, मग चुन्याची पकड सोडवावी लागते. दाब खाली जास्त, वर कमी. एक तृतीयांशावर पिळ सर्वांत मोठा असला तरी तिथे वरचा ४० मीटरचा भार सांधा आवळून धरतो. निम्म्यावर पिळ जरा कमी, पण आवळणारा भारही कमी.

एक केस करून दाखवतो. उंची ६० मीटर, बाहेरचा व्यास ५ मीटर, आतला ४, वर-खाली सारखाच. वीटकामाची घनता घनमीटरला १८०० किलो. वस्तुमान भरतं साधारण ७६० टन, आणि उभी असताना बुडाशी दाब १.०६ मेगापास्कल. असल्या कड्यासारख्या छेदात एका कडेचा दाब केव्हा संपतो हे बघायला पिळाला त्या सांध्यावरच्या अक्षीय भाराने भागायचं. उत्तर लांबीत येतं. या छेदासाठी ते सुमारे १.०२ मीटरवर गेलं की पुढच्या कडेचा दाब शून्य.

हा भागाकार कमी झुकावाला जवळपास L sinθ · x(1−x)/4 असतो. x(1−x) सर्वांत मोठं कधी? x = 1/2 ला. म्हणजे दाब सर्वांत आधी संपतो तो बरोबर निम्म्यावर, ३० मीटरला. फिरण्यामुळे भार थोडा हलका होतो, तो धरला तर या चिमणीत हे सुमारे १४ अंशांना घडतं. चुन्याची पकड शून्य मानली तर भेग तिथेच सुरू.

पकड थोडीफार असली तर? २० अंशांपर्यंत टिकली असं धरा. तेव्हा सर्वांत जास्त ओढ ०.४३ उंचीवर, म्हणजे २६ मीटरला, आणि ती ०.२५ मेगापास्कल. ३० अंशांपर्यंत टिकली तर जागा २३ मीटरला सरकते आणि ओढ ०.७५ च्या आसपास जाते. जुन्या चुन्याच्या सांध्याकडून एवढी अपेक्षा नको. साहित्य जितकं मजबूत, तितकी चिमणी उशिरा मोडते आणि तितकी मोडण्याची जागा निम्म्यावरून एक तृतीयांशाकडे सरकते. रानजाई, व्हिडिओत मोडतानाचा कोन मोजता आला तर त्यावरून चुन्याचा अंदाज बांधता येईल.

रानजाई

हे भारी आहे. मी फक्त उंची बघत होते, कोन बघायचं सुचलंच नाही. कॅमेरा बाजूने असेल तरच जमेल पण. बरेच व्हिडिओ समोरून किंवा तिरके आहेत, त्यांत कोन कमी दिसणार.

उभाआडवा

माझा अनुभव या सगळ्याच्या विरुद्ध. आरसीसी चिमणी पाडताना साइटवर हजर होतो. हवेत काही मोडली-बिडली नाही. ओंडका पडावा तशी आख्खी आडवी झाली, मोडली ती जमिनीवर आपटल्यावर. मग कोनीय त्वरणाचं हे गणित तिला लागू नाही का?

पाडकाम

लागू आहे. पिळ तिच्यातही येतोच. पण पडण्याच्या बाजूची ओढ घ्यायला तिच्यात उभ्या सळया आहेत. विटेच्या चिमणीत ते काम एकट्या चुन्याचं. आरसीसीत काँक्रीटला बारीक तडे गेले तरी सळया तुकडे धरून ठेवतात. पोलादी पत्र्याची चिमणी तर आणखीच हट्टी. मात्र सळया जुन्या, गंजलेल्या असतील किंवा एकाच पातळीवर सगळे जोड आले असतील, तर आरसीसीही तिथून दुमडू शकते.

आणि इथली गणितं बूड पक्क्या बिजागरीवर आहे असं धरून चाललीत. प्रत्यक्षात खाचेच्या मागे उरलेली पट्टी हीच बिजागरी. ती चिरडली तर चिमणी आधी थोडी खाली बसते, मग झुकते. तो बसण्याचा धक्का कुठल्याच सूत्रात नाही.

सुतळी

मुलाबरोबर लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचून पाडून बघितला. तुमचा निम्मा नाही आणि एक तृतीयांशही नाही, जवळजवळ बुडाशीच विस्कटला. ठोकळे नुसते एकावर एक, चिकटवलेले नाहीत. मग तुमच्या हिशेबाने पकड शून्य, म्हणजे निम्म्यावर उघडायला हवा होता ना?

लंबक

मनोरा किती उंच आणि किती रुंद? उंचीच्या मानाने जाड असेल तर पिळ दाबावर मात करायला फार कोन लागतो. वरच्या हिशेबात लांबी आणि व्यासाचं गुणोत्तर १२ होतं. ते ५ वर आणलं तर दाब संपायला बराच जास्त झुकाव लागेल, आणि तोवर दुसरं काहीतरी आधी सुटतं. शिअर सर्वांत मोठं बुडाशीच असतं, mg sinθ/4. दोन तृतीयांशाच्या आसपास आणखी एक छोटी टेकडी येते, पण ती बुडाच्या फक्त एक तृतीयांश. नुसत्या घर्षणावर उभे असलेले ठोकळे घसरणार ते खाली.

सुतळी

साधारण चार-साडेचार पट उंच. आणि झुकवायला मी खालच्या ठोकळ्याला बोटाने ढकललं होतं.

त्रिज्या

मग तुमच्या बोटानेच खालचा सांधा आधी मोकळा केला. वरच्या बाजूला दोरा लावून हळूच ओढा, किंवा ज्या पाटीवर मनोरा उभा आहे ती पाटीच एका कडेने उचला. ठोकळे पातळ घ्या, उंची वाढवा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतलंत तर कुठला सांधा आधी उघडला हे दिसेल. विस्कटून पडल्यावर कुठे मोडलं हे ओळखणं जवळपास अशक्य.

दणकट

मला अजून एक कळत नाही. खऱ्या चिमण्या वर निमुळत्या असतात, वर-खाली सारख्या नसतात. तुमचं सगळं गणित सारख्या जाडीवर. मग दोन तृतीयांश, एक तृतीयांश, निम्मा, यातलं काय उरतं?

लंबक

चांगला मुद्दा. निमुळतेपणामुळे वजन खाली एकवटतं, म्हणून अख्ख्या चिमणीचं कोनीय त्वरण वाढतं. टोकाची केस घ्या, भरीव शंकू टोकावर संपणारा. त्याचं मध्य L/4 ला आणि बुडाभोवतीचं जडत्व mL²/10, तेव्हा कोनीय त्वरण २.५ (g/L) sinθ. टोकाला दीडपट नाही, अडीचपट पडावं लागेल, आणि गुरुत्वाशी जुळणारी जागा दोन तृतीयांशावरून ०.४ ला उतरते. खरी चिमणी सारख्या नळीच्या आणि शंकूच्या मध्ये कुठेतरी, बहुधा नळीच्या जवळ.

पण मोडण्याची जागाही तशीच खाली उतरते असं म्हणता येणार नाही. निमुळत्या चिमणीत वरचा छेद लहान, म्हणून तो कमी पिळालाही दाद देतो. एक कारण जागा खाली नेतं, दुसरं वर. कोण जिंकतं हे निमुळतेपणा किती आणि भिंतीची जाडी कुठे बदलते यावर अवलंबून.

पाडकाम

त्यात भर म्हणजे भिंतीची जाडी सलग कमी होत नाही, टप्प्याटप्प्याने होते. जाडी जिथे एकदम बदलते तिथे भेग पडायला आवडतं. आत वेगळं अस्तर असेल तर त्याचं वजन आहे पण ताकद नाही. असल्या चिमणीसाठी मी एक आकडा सांगत नाही, पट्टा सांगतो. वरचा तुकडा मागे राहणार हे धरून पाठीमागच्या बाजूलाही मोकळी जागा ठेवतो. ढिगारा नेहमी चिमणीच्या उंचीपेक्षा आखूड जागेत पडेल असं धरून चालणारे मला भेटलेत. दुमडली तर आखूड पडतो हे खरं, पण दुमडेलच याची हमी कोण देणार? उभाआडवा यांची दुमडली नाही.

रानजाई

एका व्हिडिओत आणखी एक दिसलं. निम्म्यावर मोडल्यावर खालचा तुकडा एकदम जोरात पुढे गेला, आणि मग तोही पुन्हा मोडला. हेच गणित परत लागू होतं का?

लंबक

जोरात जाणं तर लागू होतंच. वरच्या तुकड्याचं ओझं सुटलं की खालचा आपल्या आखूड लांबीचं कोनीय त्वरण घेतो, मघाशी म्हटलेलं दुप्पट. तो आता स्वतःच एक छोटी चिमणी. मात्र लांबी निम्मी आणि व्यास तोच, म्हणून नुसत्या पिळाने पुन्हा मोडायला त्याला बराच जास्त कोन लागेल. फिरण्याचा वेग मात्र त्याच्याकडे आधीच आहे, आणि वेग वाढला की अक्षावरचा दाब घटत जातो. अख्ख्या चिमणीतसुद्धा ५३ अंशांच्या पुढे बुडाचा दाब संपून ओढ सुरू होते. तेव्हा दुसऱ्यांदा मोडणं पिळाने झालं, दाब संपल्याने झालं, की वरचा तुकडा सांध्यावर घासून आपटला म्हणून, हे व्हिडिओ न बघता सांगता येणार नाही. लिंक टाका.

धुरकट

वाचला धागा सगळा. पण चुना आम्लाने भुसभुशीत झालेला असेल तर पाडकाम यांची पकड शून्यच धरायची ना? म्हणजे १४ अंश आणि निम्मी उंची?

पाडकाम

हो, तुमचा मुद्दा इथे बरोबर बसतो. फक्त आम्लाने चुना सगळीकडे सारखा खराब होत नाही. धूर जिथे थंड होऊन ओल धरतो तिथे, बहुधा वरच्या भागात, जास्त होतो. तो पट्टा निम्म्याच्या वर असेल तर मोडण्याची जागाही वर सरकू शकते. पाडण्याआधी सांध्यांमधून वेगवेगळ्या उंचीवर नमुने काढून बघतो, ते याचसाठी.

रानजाई

लिंक शोधतेय. त्या व्हिडिओत कॅमेरा बाजूने आहे, त्यामुळे कोनही मोजून टाकते.